लॉजिक पझल क्लबचं पालकांना पत्र: फायद्यांचा परिच्छेद कसा लिहायचा

प्रश्न: मी शाळेत शिकवते. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा लॉजिक पझल क्लब सुरू करतेय. पालकांना पत्र पाठवायचंय. आमचे मुख्याध्यापक म्हणतात की "बुद्ध्यांक वाढतो, गणितात मार्क वाढतात" असं लिहा, म्हणजे नावं पटापट येतील. मला ते लिहायला जड जातंय. मग फायदे म्हणून नक्की काय लिहू? पत्राचा एखादा नमुना मिळाला तर बरं होईल.

उत्तर:

जड जातंय ते बरोबरच आहे, ते वाक्य लिहू नका. मी बरीच वर्षं असा क्लब चालवते आणि पहिल्या वर्षी मीही असंच काहीतरी लिहिलं होतं. नावं भरपूर आली, पण सहामाहीचा निकाल लागल्यावर एक आई प्रगतिपुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मॅडम, गणितात तर दोन मार्क कमीच पडलेत, क्लबचं काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण वचन मीच दिलं होतं, तेही लेखी.

शिवाय ते वचन खरं ठरेल असं मानायला फारसा आधारही नाही. इंग्लंडमध्ये बुद्धिबळावर मोठा प्रयोग झाला होता, त्याचा अहवाल 2016 मध्ये आला. 100 प्राथमिक शाळा, चार हजारांच्या आसपास मुलं, त्यातल्या निम्म्या शाळांमध्ये नेहमीच्या वेळापत्रकात सुमारे 30 तास बुद्धिबळ शिकवलं. ते संपल्यावर एक वर्षाने गणिताच्या परीक्षेत बघितलं तर शिकलेली आणि न शिकलेली मुलं सारखीच निघाली. आता बुद्धिबळ म्हणजे लॉजिक पझल नव्हे, मान्य आहे, पण आठवड्यातल्या एका तासाने सगळ्या विषयांचे मार्क वर जातात हे म्हणायला आपल्याकडे त्याहून भक्कम काय आहे? काहीच नाही. मूल जे करतं त्यात ते सुधारतं, आणि त्याच्या जवळच्या गोष्टींत थोडं सुधारतं, एवढं मात्र मी बिनधास्त लिहीन.

मग फायदे काय लिहायचे, तर एक कोडं पत्रातच द्यायचं आणि ते सोडवताना मूल काय काय करतं ते लिहायचं. "तर्कशक्तीचा विकास होतो" हे वाक्य पालकांनी प्रत्येक शिबिराच्या जाहिरातीत वाचलेलं असतं, त्यावरून नजर नुसती सरकते. कोडं दिलं की ते थांबतात, पेन काढतात, आणि क्लबमध्ये काय चालणार आहे ते त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळतं.

मी वापरते ते कोडं हे. अनु, बंटी, चारू आणि दीपू एकामागे एक रांगेत उभे आहेत. अनुच्या पुढेही कोणीतरी आहे आणि मागेही कोणीतरी आहे. बंटी चारूच्या लगेच मागे आहे, दोघांच्या मध्ये कोणी नाही. दीपू सगळ्यात पुढे नाही. तर रांग कशी आहे?

साधं आहे, पाच मिनिटांत सुटतं, पण आत बघा काय काय आहे. चार मुलं एकूण 24 प्रकारे उभी राहू शकतात (चार गुणिले तीन गुणिले दोन). बहुतेक मुलं पहिल्या अटीपासून सुरू करतात कारण ती पहिली लिहिलीय, आणि त्याने 24 चे 12 उरतात, म्हणजे निम्मे. तिसऱ्या अटीपासून सुरू केलं तर 18 उरतात, म्हणजे फक्त पाव भाग कमी झाला. पण बंटी-चारूच्या अटीपासून सुरू केलं तर ती दोघं एकत्र बांधली जातात, जोडी एक-दोनवर, दोन-तीनवर किंवा तीन-चारवर एवढ्याच तीन जागा, आणि उरलेली दोघं दोन प्रकारे, म्हणजे फक्त 6 उरतात. आता अनुची अट लावा. जोडी मधे असेल तर अनुला पहिल्या किंवा शेवटच्या जागी जावं लागेल, ते चालत नाही, म्हणून जोडी मधे नाही. जोडी पुढे असेल तर अनु तिसरी आणि दीपू शेवटी, जोडी मागे असेल तर दीपू पुढे आणि अनु दुसरी. 2 उरले. दीपू सगळ्यात पुढे नाही, म्हणजे दुसरा गेला. चारू, बंटी, अनु, दीपू.

कोणती अट आधी धरायची हे ओळखणं, ही क्लबमध्ये मुलांना लागणारी पहिली खरी सवय आहे. सुरुवातीला दहातली आठ मुलं वरून खाली वाचत जातात, आणि महिन्या-दीड महिन्यात काही जणं आधी सगळ्या अटी वाचून "ही सगळ्यात कडक आहे, हिच्यापासून करूया" म्हणायला लागतात. दुसरी सवय म्हणजे जे होऊ शकत नाही ते कागदावर खोडणं, मनात नाही तर कागदावर. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, उत्तराबरोबर "कशावरून" सांगणं. रांग बरोबर सांगितली पण जोडी मधे का नाही ते सांगता आलं नाही तर आमच्याकडे ते कोडं अर्धंच सुटलं असं धरतो. पत्रात फायदे म्हणून या तीन गोष्टी लिहायच्या, बास. या तिन्ही घरी बसून तपासता येतात, त्यामुळे कोणी प्रगतिपुस्तक घेऊन येत नाही.

नमुना देते, तुमच्या शाळेप्रमाणे बदला.

> प्रिय पालक,
>
> पुढच्या आठवड्यापासून दर बुधवारी शेवटच्या तासाला आपल्या शाळेत लॉजिक पझल क्लब सुरू होतोय. पाचवी ते सातवीची मुलं येऊ शकतात. एका गटात 16 मुलं घेणार आहोत, नावं जास्त आली तर दुसरा गट करू. प्रवेशासाठी परीक्षा नाही आणि गणितात हुशार असण्याची अटही नाही.
>
> क्लबमध्ये काय करतो ते सांगण्यापेक्षा एक कोडं देते, मुलासोबत बसून सोडवून बघा.
>
> अनु, बंटी, चारू आणि दीपू एकामागे एक रांगेत उभे आहेत. अनुच्या पुढेही कोणीतरी आहे आणि मागेही कोणीतरी आहे. बंटी चारूच्या लगेच मागे आहे, दोघांच्या मध्ये कोणी नाही. दीपू सगळ्यात पुढे नाही. रांग कशी आहे, आणि दुसरी कुठलीच रांग का चालत नाही?
>
> अशी कोडी सोडवताना मुलं तीन गोष्टींचा सराव करतील. दिलेल्या माहितीतली कोणती गोष्ट आधी वापरायची ते ठरवणं, जे शक्य नाही ते कागदावर खोडत जाणं, आणि आपलं उत्तर बरोबर का आहे हे दुसऱ्याला पटेल असं सांगणं. परीक्षेतले मार्क वाढतील असं वचन मी देत नाही. साधारण दोन महिन्यांनी मूल अंदाजाने उत्तर देण्याऐवजी कारण देऊ लागलंय का, हे तुम्हाला घरीच दिसेल.
>
> एक विनंती आहे. मूल अडकलं तर उत्तर सांगू नका. "आत्तापर्यंत काय नक्की कळलंय?" एवढंच विचारा. दहा मिनिटांत सुटलं नाही तर बाजूला ठेवा, अर्धवट कोडं क्लबमध्ये आणलं तरी चालतं, उलट ते जास्त उपयोगी पडतं.
>
> मुलाला यायचं असेल तर खालची चिठ्ठी भरून शुक्रवारपर्यंत पाठवा. कृपया आधी मुलाला विचारा. आवडलं नाही तर चार आठवड्यांनी सोडता येईल.
>
> आपली,
> वर्गशिक्षिका

आता यातल्या काही गोष्टी अशाच का लिहिल्यात ते सांगते, कारण प्रत्येकीमागे एकेक फजिती आहे.

सगळ्यात मोठी फजिती कोड्याचीच. एका वर्षी हेच कोडं पत्रात टाकताना तिसरी अट, दीपूची, टाईप करायची राहिली. मी तपासलंही नाही कारण उत्तर मला पाठ होतं. झालं काय, निम्म्या घरांतून चारू, बंटी, अनु, दीपू असं आलं आणि निम्म्या घरांतून दीपू, अनु, चारू, बंटी. दोन्ही बरोबर! पालकांच्या ग्रुपवर दिवसभर वाद, आमचंच कसं बरोबर म्हणून. एका मुलीच्या आजोबांनी मात्र दोन्ही रांगा लिहून पाठवल्या आणि खाली लिहिलं, बाई, यातली कुठली हवीय? त्या आजोबांना मी पुढे दोनदा क्लबमध्ये बोलावलं, पण ते सोडा.

तेव्हापासून कोडं बाहेर पाठवायच्या आधी मी दोन गोष्टी करतेच. एक, उत्तर माहीत नाही असं धरून सगळ्या शक्यता खरोखर लिहून काढते आणि एकच उरते ना ते बघते. चार मुलांच्या 24 शक्यता लिहायला दहा मिनिटं लागतात, म्हणूनच पत्रातलं कोडं चार जणांच्या वर नेत नाही, पाच जण झाले की 120 होतात आणि मग हाताने तपासायचा कंटाळा येतो. दोन, एकेक अट बोटाने झाकून बघते. झाकल्यावरही उत्तर एकच येत असेल तर ती अट फालतू आहे, काढून टाकायची किंवा मुद्दाम ठेवली असेल तर ते आपल्याला माहीत पाहिजे. वरच्या कोड्यात कुठलीही अट झाकली तरी एकाहून जास्त उत्तरं येतात, म्हणजे तिन्ही लागतात. पुस्तकातून किंवा नेटवरून कोडं उचललं तरी हे करा, छापलेल्या कोड्यातही चुका असतात.

दुसरी अडचण भाषेची, आणि याच्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. आपल्या बोलण्यात नकाराचं वाक्य फार घसरडं असतं. "सगळी मुलं आली नाहीत" म्हणजे एकही आलं नाही, की काही आली आणि काही नाही? दोन्ही अर्थ होतात, बोलताना आपण सुरावरून ओळखतो पण कागदावर सूर नसतो. "अनु पहिली आणि शेवटची नाही" हे वाक्य आधी माझ्या कोड्यात होतं. एका मुलाने सांगितलं, बाई, पहिली आणि शेवटची एकदम तर कोणीच असू शकत नाही, मग ही अट कशाला दिलीय? त्याचं चूक नव्हतंच. म्हणून मी ते "पुढेही कोणीतरी आहे आणि मागेही कोणीतरी आहे" असं सरळ होकारात केलं. तसंच "मागे" आणि "लगेच मागे". नुसतं "बंटी चारूच्या मागे" लिहिलं तर मधे दोन जण उभे असले तरी वाक्य खरंच राहतं, आणि मग त्या जोडीची जी ताकद आहे तीच जाते, सहाच्या ऐवजी 12 शक्यता उरतात. पत्र पाठवायच्या आधी स्टाफरूममध्ये गणित न शिकवणाऱ्या कोणालातरी कोडं वाचायला द्या आणि नुसतं विचारा, प्रत्येक अटीचा अर्थ काय समजला. सोडवायला लावू नका, अर्थच विचारा.

यातून अजून एक निघतं. ज्या मुलांचं वाचन सावकाश आहे ती अशा कोड्यात तर्काने अडत नाहीत, वाचनाने अडतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, मूल नुसतं कागदाकडे बघत बसलेलं. ओळखायचं असेल तर कोडं मोठ्याने वाचून दाखवा आणि चार रंगीत सोंगट्या हातात द्या. त्यानंतर भराभर मांडायला लागलं तर अडचण वाचनाची होती. माझ्याकडे एक मुलगी होती, तीन आठवडे कोरा कागद देत होती, सोंगट्या दिल्यावर पहिल्याच दिवशी गटात सगळ्यांच्या आधी सोडवून मोकळी. म्हणून "गणितात हुशार असण्याची अट नाही" हे वाक्य पत्रात ठेवा, नाहीतर अशा मुलांची नावंच येत नाहीत, पालकच परस्पर ठरवतात की हे आपल्या पोराचं काम नाही.

"आधी मुलाला विचारा" हेही तसंच. पालकांनी ढकललेली मुलं पहिल्या दोन आठवड्यांत ओळखू येतात, ती कोड्याकडे न बघता घड्याळाकडे बघतात. चार आठवड्यांनी सोडायची मोकळीक दिली की गंमत म्हणजे सोडणारी फार थोडी निघतात.

16 चा आकडा कुठून आला म्हणाल तर साधा हिशोब आहे. तास 40 मिनिटांचा धरा. पाच मिनिटं बसण्यात आणि कोडं वाचण्यात जातात, पंधरा-सोळा मिनिटं जोडीने सोडवणं, आणि उरलेला वेळ "कशावरून" ला. आठ जोड्या असल्या तर तासात निदान चार जोड्यांना उभं राहून कारण सांगता येतं, म्हणजे दोन आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. 30 मुलं घेतलीत तर बोलणारी तीच पाच-सहा राहतात आणि बाकीची उत्तर उतरवून घेतात. जागा नाही म्हणून मुख्याध्यापक जास्त मुलं घ्यायला सांगतील, तर एक आठवडा आड दोन गट करा, पण एकत्र कोंबू नका.

जोडीने सोडवताना कागद एक आणि पेन्सिलही एकच द्या. दोन पेन्सिली दिल्या की दोघं आपापलं सोडवतात. आणि जो पटकन ओरडतो "मला आलं!" त्याचं काय करायचं, हा प्रत्येक वर्षीचा प्रश्न. मी त्याला सांगते, छान, आता यातली कुठली अट काढली तर दोन उत्तरं येतील ते शोध. हे काम उत्तर काढण्यापेक्षा अवघड आहे, त्यामुळे तो दहा मिनिटं गप्प बसतो आणि बाकीच्यांना विचार करायला मिळतो. वर सांगितलेली माझी तपासणी असते ना, तीच हळूहळू मुलांच्या हातात जाते, वर्षाच्या शेवटी दोन-चार मुलं स्वतःची कोडी बनवून आणतात आणि त्यातली निम्मी चुकलेली असतात, ती चूक शोधणं हाच मग त्या आठवड्याचा तास.

"उत्तर सांगू नका" ही ओळ पाळली जाईलच असं नाही, खरं सांगायचं तर निम्म्या घरांत वडीलच कोडं सोडवतात. दुसऱ्या दिवशी ते लगेच कळतं. मुलाला विचारा, जोडी मधे का नाही? घरून उत्तर आणलेलं मूल रांग पुन्हा म्हणून दाखवतं, स्वतः सोडवलेलं मूल "मग अनुला कडेला जावं लागेल" असं काहीतरी म्हणतं. रागवायचं मात्र नाही, त्याच मुलाला त्याच कोड्यात नावं बदलून आणि एक अट फिरवून द्या. उदाहरणार्थ "दीपू सगळ्यात पुढे नाही" च्या जागी "दीपू सगळ्यात मागे नाही" करा, उत्तर बदलतं, दीपू, अनु, चारू, बंटी. पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही.

"दोन महिन्यांनी घरीच दिसेल" असं पत्रात लिहिलंय, तर ते आपणही बघायला पाहिजे. मी पहिल्या तासाला आणि आठव्या तासाला एकाच प्रकारचं, त्याच अवघडपणाचं कोडं देते आणि कागद ठेवून घेते. बरोबर-चूक मोजत नाही, दोनच गोष्टी बघते: कागदावर काही खोडलंय का, आणि "कारण", "म्हणून" असे शब्द आलेत का. पहिल्या कागदावर बहुतेक वेळा नुसती चार नावं असतात. आठव्यावर सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या कागदावर खोडलेल्या रांगा दिसतात. ज्यांच्या कागदात काहीच फरक नाही अशी दोन-तीन मुलं प्रत्येक गटात असतात, त्यांच्या पालकांनाही मी तेच सांगते, फरक दिसला नाही, त्याला येणं आवडतंय तर येऊ दे. हे दोन्ही कागद एकत्र पिन करून घरी पाठवा, वेगळं प्रमाणपत्र वगैरे छापायची गरज पडत नाही.

आणि हो, पत्रात कोड्याचं उत्तर छापू नका, मागच्या पानावर उलटं करूनसुद्धा नाही. खालच्या चिठ्ठीत नाव, वर्ग, पालकांची सही, आणि त्याखाली दोन रिकाम्या ओळी ठेवा: "आमची रांग" आणि "कशावरून". पहिल्या वर्षी मी फक्त पहिली ओळ ठेवली होती, आता दुसरी जास्त लांब ठेवते.